आलेल्यातून, उरलेल्यातून की मनातून? जकात, दशमांश आणि दान यांचा हिशेब

एकाच कमाईवर तीन परंपरा तीन वेगळे आकडे का सांगतात? दोन घरांचे उदाहरण आणि स्वतःसाठी एक हिशेबाचे पान

‘जकात’ म्हटले की मराठी माणसाला आधी नाका आठवतो. शहराच्या वेशीवर उभे असलेले ट्रक, पावती फाडणारा कारकून आणि महापालिकेची तिजोरी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली ही जकात बंद झाली. पण करासाठी मराठीने घेतलेला हा शब्द मूळचा अरबी आहे आणि इस्लाममध्ये त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. शुद्ध होणे आणि वाढणे, अशा दोन्ही छटा त्यात आहेत. साठवलेल्या संपत्तीतून गरिबाचा वाटा काढला की उरलेली संपत्ती शुद्ध होते, ही त्यामागची कल्पना.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत ‘दशमांश’ आहे, म्हणजे दहावा हिस्सा. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरांत ‘दान’ आहे. तिन्हींना आपण सरसकट दानधर्म म्हणतो. पण एकाच घराचा हिशेब तिन्ही पद्धतींनी मांडला तर आकडे जुळत नाहीत. एका पद्धतीत जे घर मोठी रक्कम देणे लागते, तेच दुसऱ्या पद्धतीत थोडक्यात सुटते. याचे कारण साधे आहे. जकात ‘उरले किती’ हे विचारते, दशमांश ‘आले किती’ हे विचारतो आणि दान ‘दिले कसे’ हे विचारते.

जकात नेमकी कशावर?

जकात पगारावर लागत नाही. वर्षभर घरात टिकून राहिलेल्या संपत्तीवर लागते. सोने, चांदी, रोख, बँकेतील शिल्लक आणि विक्रीसाठी ठेवलेला माल यांची बेरीज करायची. राहते घर, वापरातली गाडी, कपडे, भांडी, कारागिराची अवजारे यांवर जकात नाही. ही बेरीज एका ठरावीक पातळीच्या वर असेल आणि त्या स्थितीला एक चांद्रवर्ष झाले असेल, तर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा.

या पातळीला ‘निसाब’ म्हणतात. सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे. इथेच पहिली गफलत होते. हे तोळे जुने आहेत, ११.६६४ ग्रॅमचे. त्या मापाने सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम येतो. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्या तोळ्याने मोजले तर सोन्याचा निसाब ७५ ग्रॅमवर येतो आणि जे घर जकातीला पात्रच नाही ते पात्र ठरते. म्हणून हिशेब ग्रॅममध्येच करावा.

दुसरा प्रश्न असा की, दोन निसाबांपैकी कोणता धरायचा? पैगंबरांच्या काळात दोन्हींच्या किमतीत आजच्याइतकी तफावत नव्हती. हिशेबाच्या सोयीसाठी सोने १० हजार रुपये ग्रॅम आणि चांदी १०० रुपये ग्रॅम धरू. मग सोन्याचा निसाब ८ लाख ७४ हजार ८०० रुपये होतो आणि चांदीचा फक्त ६१ हजार २३६ रुपये. ज्याच्याकडे रोख, चांदी आणि थोडे सोने असे मिश्र आहे त्याने चांदीचा निसाब धरावा, असे हनफी उलेमा सहसा सांगतात, कारण त्यात गरिबाचे हित आहे. सोन्याचा निसाब धरावा असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. त्यांचा मुद्दा असा की, साठ हजार रुपये बाळगणाऱ्याला आज श्रीमंत म्हणता येत नाही.

दागिन्यांवर जकात आहे का?

याचे उत्तर महाराष्ट्रात जिल्ह्यागणिक बदलू शकते. कोकणातल्या मुस्लिमांमध्ये शाफई पंथाची परंपरा आहे. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात बहुतांश लोक हनफी पंथाचे आहेत. हनफी मतानुसार सोने अंगावर असो की कपाटात, ते संपत्तीच आहे, म्हणून त्यावर जकात लागते. शाफई मतानुसार बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, मर्यादेतल्या दागिन्यांवर जकात नाही. त्यामुळे रत्नागिरीतली एक गृहिणी आणि मालेगावातली तिची मैत्रीण यांच्याकडे सारखेच दागिने असले तरी दोघींची जकात वेगळी निघू शकते. आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

शेतीचा नियम आणखी वेगळा आहे. पिकावरच्या जकातीला ‘उश्र’ म्हणतात आणि उश्र म्हणजेच दहावा भाग. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि पाणी उपसून, खर्च करून घेतलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे कोरडवाहू आणि बागायती यांत फरक केलेला आहे. ज्याने पाण्यासाठी कष्ट आणि पैसा घातला, त्याच्यावर निम्मा भार. पिकासाठी वर्षभर थांबायचेही नसते, कापणीच्या वेळीच हिस्सा काढायचा. जकातीचा हा भाग दशमांशाच्या अगदी जवळ जातो.

जकात कोणाला देता येते?

कुराणाच्या नवव्या सुऱ्यात आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत. गरीब, निराधार, जकात गोळा करणारे, ज्यांची मने जुळवून घ्यायची आहेत असे लोक, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. स्वतःचे आईवडील आणि मुले यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणे हे मुळातच कर्तव्य आहे. भाऊ किंवा बहीण खरोखर गरजू असेल तर देता येते आणि ते अधिक चांगले मानले जाते. मशीद बांधायला जकात वापरता येत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे, कारण पैसा गरजूच्या मालकीचा व्हायला हवा. जकात साधारणपणे गरजू मुस्लिमांसाठी मानली जाते. ऐच्छिक मदत, म्हणजे ‘सदका’, कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देताना मनात जकातीची नियत असली की पुरते. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगण्याची गरज नाही. मुलाच्या फीसाठी म्हणून किंवा ईदची भेट म्हणून पाकीट दिले तरी चालते. देणारा उपकार करत नाही, गरिबाचा हक्क पोहोचवतो, या भूमिकेतून हे येते.

दशमांश कुठून आला?

मराठी बायबलमध्ये ‘दशमांश’ हाच शब्द आहे. जुन्या करारात त्यामागे एक व्यावहारिक कारण दिसते. इस्राएलच्या वंशांना जमिनी वाटून मिळाल्या, पण मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नाही. त्यांच्या पोटापाण्यासाठी बाकीच्यांनी धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा दहावा भाग द्यायचा होता. लेवींनीही त्या मिळालेल्या भागातून दहावा भाग याजकांना द्यायचा. म्हणजे घेणाराही सुटत नव्हता.

अनुवादाच्या पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. एक दशमांश घरच्यांनी देवस्थानी जाऊन सणासारखा एकत्र खायचा होता. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा होता. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची असल्याने त्या वर्षी शेतीचा दशमांशच नव्हता. आज ‘दहा टक्के मंडळीला’ असे सोपे सूत्र ऐकू येते, पण मूळ व्यवस्थेत पुजारी, कुटुंबाचा सण आणि गावातला गरीब असे तीन वाटेकरी होते.

नव्या करारात ख्रिस्ती माणसाला दहा टक्क्यांचा स्पष्ट आदेश नाही. येशूने पुदिना आणि जिऱ्याचाही दशमांश काटेकोर मोजणाऱ्यांना न्याय आणि दया विसरल्याबद्दल सुनावले आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला, जबरदस्तीने नव्हे तर आनंदाने द्या, असे लिहिले. म्हणून आज चर्चागणिक पद्धत बदलते. कॅथलिक चर्च गरजांना हातभार लावणे कर्तव्य मानते, पण टक्का ठरवून देत नाही. अनेक प्रोटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या दहा टक्क्यांचा आग्रह धरतात. मॉर्मन चर्चमध्ये पूर्ण दशमांश हा सदस्यत्वाच्या निष्ठेचा भाग आहे.

दशमांशाची अडचण कोणती?

दशमांशाला निसाब नाही. महिना १० हजार कमावणाऱ्याने एक हजार द्यायचे आणि एक लाख कमावणाऱ्याने दहा हजार. टक्का सारखाच, पण पहिल्याच्या घरी नऊ हजार उरतात आणि दुसऱ्याच्या घरी नव्वद हजार. पहिल्याचा एक हजार रेशनमधून जातो, दुसऱ्याचे दहा हजार बचतीतून. मार्काच्या शुभवर्तमानातली गरीब विधवेची गोष्ट याच ठिकाणी बोट ठेवते. श्रीमंतांनी दानपेटीत बरेच टाकले आणि तिने दोन लहान नाणी टाकली. तरी येशूने तिचे दान मोठे मानले, कारण बाकीच्यांनी विपुलतेतून दिले आणि तिने होते नव्हते ते दिले.

हा भार कायद्याचा झाला की काय होते, ते युरोपने पाहिले. इ.स. ७७९ मध्ये शार्लमेनच्या फर्मानाने दशमांश सक्तीचा झाला. पुढे शतकानुशतके शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी उचलली जाई, पीक बुडत आलेले असले तरीही. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत तो रद्द करायचे ठरले. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आकारणी आली.

सक्ती नसलेल्या आजच्या मंडळ्यांतही एक वाद जिवंत आहे. दहावा भाग हातात येणाऱ्या पगाराचा की कर आणि भविष्यनिर्वाह निधी कापण्याआधीच्या पगाराचा? शास्त्रात याचे थेट उत्तर नाही, कारण तिथे धान्य मोजले जात होते. मात्र दशमांशाचे एक बलस्थान याच मोजणीत आहे. तो पहिल्यांदा बाजूला काढायचा असतो. महिनाअखेरीस काय उरते ते पाहून नव्हे. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ आधी बाजूला काढतात आणि तो चर्चच्या कामासाठी जमा होतो. त्यात दहाचा हिशेब नाही, पण आधी काढण्याची शिस्त तीच आहे.

दानाला टक्का का नाही?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकातही रक्कम नाही. द्यायला हवे म्हणून, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिले तर ते सात्त्विक. मोबदल्याच्या आशेने किंवा कुरकुरत दिले तर राजस. अपमान करून, भलत्या वेळी, भलत्या जागी दिले तर तामस. ज्ञानेश्वरीतही हा भाग विस्ताराने आला आहे. मराठीतला ‘सत्पात्री दान’ हा शब्दप्रयोग याच विचारातला.

दान पैशाचेच असावे असेही नाही. जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. महाराष्ट्रात एके काळी गरीब विद्यार्थ्याला ‘वार लावून’ जेवू घालण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे आणि मुलाचे शिक्षण होत असे. या दानात रक्कम लहान आहे, पण वेळ आणि व्यक्ती निश्चित आहेत. म्हणून ते टिकले.

बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता आहे. तिथे भर मनावर आहे, तोही तीन क्षणांवर. देण्याआधी मन आनंदी आहे का, देताना प्रसन्न आहे का आणि दिल्यानंतर समाधानी आहे का?

टक्का नसण्याची दुसरी बाजूही आहे. ‘योग्य माणूस’ कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, दान त्याच्याकडे वळते. धर्मशास्त्रांत पात्रता विद्येशी आणि जन्माशी जोडली गेली. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’ या पुस्तकात शेतकऱ्याच्या घरातून जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या नावाखाली पैसा कसा काढला जातो, याची मांडणी केली. जकातीत घेणाऱ्यांची यादी ठरलेली आहे. दानात ती देणाऱ्याच्या किंवा सांगणाऱ्याच्या विवेकावर आहे.

दानाला आकडा कधी येतो?

संघटित काम उभे करायचे ठरले की दानालाही आकडा येतो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माच्या कामासाठी उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले. म्हणजे पाच टक्के, दशमांशाच्या निम्मे. ज्या समाजापुढे ते बोलत होते त्याच्या हाती फार पैसा नव्हता, हे लक्षात घेतले तर हा आकडा मोठा आहे.

त्याआधी १९५१ मध्ये विनोबा भावे यांनी तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदान सुरू केले. त्यांनी जमीनदारांकडे सहावा हिस्सा मागितला. मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मांडणी होती. दान म्हणजे उपकार नव्हे, समान वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ ते सांगत. लाखो एकर जमीन मिळाली, पण तिच्यातली बरीच खडकाळ, नापीक किंवा वादात अडकलेली निघाली. आकडा होता, पण ‘काय दिले’ याची तपासणी कमी पडली.

दोन घरे, तीन हिशेब

आता एकच पैसा तिन्ही पद्धतींनी मोजून पाहू. सोन्याचांदीचे भाव वर धरलेलेच घेऊ. दोन्ही घरांवर कर्ज नाही असे समजू आणि बँकेचे व्याज हिशेबाबाहेर ठेवू, कारण इस्लाममध्ये ते निषिद्ध आहे.

पहिले घर नोकरदाराचे. महिना ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार रुपये. बँकेत वर्षभर टिकलेली शिल्लक ८० हजार. पत्नीच्या अंगावर ४० ग्रॅम सोने, किंमत ४ लाख.

• दशमांश: ७ लाख २० हजारांचा दहावा भाग, ७२ हजार रुपये.
• जकात, हनफी पद्धतीने: शिल्लक आणि सोने मिळून ४ लाख ८० हजार. अडीच टक्के, म्हणजे १२ हजार रुपये.
• जकात, शाफई पद्धतीने: वापरातले दागिने वगळून ८० हजार. चांदीचा निसाब धरला तर २ हजार रुपये, सोन्याचा धरला तर काहीच नाही.

दुसरे घर निवृत्त जोडप्याचे. निवृत्तिवेतन महिना २५ हजार, वर्षाला ३ लाख. काही वर्षांपूर्वी विकलेल्या प्लॉटचे ३० लाख बँकेत आहेत. वापरात नसलेले १०० ग्रॅम सोने लॉकरमध्ये आहे, किंमत १० लाख.

• दशमांश: ३ लाखांचा दहावा भाग, ३० हजार रुपये.
• जकात: ४० लाखांचे अडीच टक्के, १ लाख रुपये. सोने वापरात नसल्याने इथे शाफई सवलतही लागू होत नाही.

दशमांशाच्या हिशेबात पहिले घर जास्त देते, जकातीच्या हिशेबात दुसरे. कमावणाऱ्या पण साठवू न शकणाऱ्या घरावर दशमांश जड जातो आणि साठवून बसलेल्या घरावर जकात. प्लॉट विकला त्या वर्षी दशमांश एकदाच लागला असता. जकात मात्र पैसा पडून आहे तोवर दरवर्षी लागते. संपत्ती साठवून ठेवण्यावर तिचा रोख आहे तो असा.

दानाचा हिशेब या घरांच्या पासबुकातून निघत नाही. समजा, पहिल्या घराने वर्षात तीन गोष्टी दिल्या. मंडळाच्या मुलांनी दारात उभे राहून मागितली म्हणून ६ हजार वर्गणी. घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीची १० हजार फी, जूनमध्ये, कोणालाही न सांगता. आणि दिवाळीची साफसफाई करताना निघालेले फाटके कपडे. गीतेच्या कसोटीवर वर्गणी राजस ठरते, कारण ती नाव खराब होऊ नये म्हणून दिली. फी सात्त्विक ठरते. वेळ बरोबर, व्यक्ती बरोबर आणि गाजावाजा नाही. फाटके कपडे दान नव्हतेच, घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात गेली.

नेमके कुठे चुकते?

जकातीत सर्वात जास्त चूक तारखेची होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब करणाऱ्याने अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के द्यावेत, नाहीतर सुमारे ३३ वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. दुसरी चूक कर्जाची. हनफी पद्धतीत देणे वजा करता येते, पण वीस वर्षांचे अख्खे गृहकर्ज वजा करून जकात शून्यावर आणणे बहुतेक जाणकार मान्य करत नाहीत. देय झालेले किंवा नजीकचे हप्ते वजा होतात. आयकर भरला म्हणून जकात भागली, असेही होत नाही. भरलेला कर शिलकीतून आधीच गेलेला असतो, एवढीच त्याची नोंद.

दशमांशातली चूक उलट बाजूची असते. दिले की दुप्पट परत मिळेल, असे सांगून पैसा गोळा केला जातो आणि त्यासाठी मलाखीच्या पुस्तकातल्या आशीर्वादाच्या वचनाचा आधार घेतला जातो. कर्ज काढून दशमांश देणारे घर दिसले, की समजावे, हिशेब भीतीवर चालला आहे.

दानातली चूक ओळखणे सर्वात अवघड, कारण आकडा नसल्याने पकडायला काही नसते. वर्षअखेरीस ‘आपण बरेच देतो’ असे वाटते, पण लिहून काढले तर बहुतेक रक्कम लग्नाचे आहेर, वर्गण्या आणि आग्रहाने फाडलेल्या पावत्या यांतच गेलेली दिसते.

स्वतःसाठी हिशेबाचे पान

हे पान कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसालाही भरता येईल. फोनच्या नोट्समध्ये किंवा वहीत उतरवून घ्या. अर्धा तास पुरतो. ते कोणाला दाखवायचे नाही.

भाग १: तीन आकडे

१. गेल्या १२ महिन्यांचे एकूण उत्पन्न: ______ रुपये. त्याचा दहावा भाग: ______. विसावा भाग: ______.

२. आज घरात टिकून असलेली रोख, बँकेतील शिल्लक, सोनेचांदी आणि विक्रीचा माल यांची बेरीज: ______ रुपये. नजीकचे देणे वजा: ______. उरलेल्याचे अडीच टक्के: ______.

३. गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष दिलेली रक्कम (आहेर आणि घरच्यांचा खर्च वगळून): ______ रुपये.

आता तिसरा आकडा पहिल्या दोन्हींशी ताडून पाहा. उत्पन्नाच्या मानाने ठीक, पण साठवलेल्याच्या मानाने नगण्य असेल, तर जुन्या संपत्तीचा हिशेब राहून गेला आहे. साठवलेले काहीच नसून तुम्ही कमाईचा मोठा भाग देत असाल, तर आधी घरच्या अडीनडीची सोय हवी का, हे विचारा. निसाबाची कल्पना त्यासाठीच आहे.

भाग २: शेवटच्या पाच देण्यांची यादी

प्रत्येक देण्यापुढे चार गोष्टी लिहा.

• कोणाला दिले? ______ ती व्यक्ती किंवा संस्था मी निवडली, की कोणीतरी माझ्यासाठी निवडली?
• कधी दिले? ______ गरज होती तेव्हा, की मला सवड होती तेव्हा?
• काय दिले? ______ ते मी स्वतः वापरले असते का?
• नाव लागले का? ______ नाव लागले नसते तरी दिले असते का?

भाग ३: तीन क्षण

या पाचांपैकी एक देणे निवडा. देण्याआधी, देताना आणि दिल्यानंतर मनात काय होते, ते एकेका ओळीत लिहा.

आधी: ______
देताना: ______
नंतर: ______

तिन्ही ओळींत कुरकुर, दडपण किंवा पश्चात्ताप असेल, तर रक्कम, व्यक्ती किंवा वेळ यांपैकी काय बदलायला हवे? ______

भाग ४: वाटेकरी

• माझ्या रक्ताच्या नात्यात, आईवडील आणि मुले सोडून, खरोखर अडचणीत कोण आहे? ______
• मी राहतो त्या इमारतीत, गल्लीत किंवा गावात कोण? ______
• माझ्या जातीधर्माबाहेरचे कोण? ______

तिसरी रिकामी जागा भरता आली नाही, तर ‘पात्र’ ठरवताना आपण कोणाला वगळतो, हे तिथे दिसेल.

भाग ५: एक ओळ

‘पुढच्या वर्षी मी ______ (आलेल्यातून की साठवलेल्यातून) ______ टक्के, ______ तारखेला, ______ साठी बाजूला काढीन.’

तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवली तर दशमांशाची शिस्त आपोआप येते. जकातीसाठी हिजरी कॅलेंडरमधला एक दिवस पक्का करून फोनमध्ये लावून ठेवा. त्या दिवशीचा सोन्याचांदीचा भाव लिहा आणि दागिने, कर्ज, शेअर यांचा गुंता असेल तर आपल्या पंथाच्या जाणकाराकडून आकडा तपासून घ्या. आणि भाग ३ मधल्या तीन ओळी पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा भरा.